इंग्लंडचं घड्याळ मागे गेल्यावर: सपोर्टच्या नव्या वेळांचं पत्र क्लायंटला कसं लिहावं

बेळगावात बसून इंग्लंडमधल्या कंपनीला सॉफ्टवेअर सपोर्ट देणाऱ्या टीमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला वर्षातून दोनदा एक पत्र लिहावं लागतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे येतं. मार्चचं पत्र सोपं असतं, घोळ होतो तो ऑक्टोबरच्या पत्रात, कारण त्या वेळी क्लायंटच्या हातातून संध्याकाळचा एक तास जातो. म्हणून इथे ऑक्टोबरचंच पत्र घेते, आणि उदाहरण एकच धरून शेवटपर्यंत नेते.

क्लायंट मध्य इंग्लंडमधला सुट्या भागांचा वितरक आहे. त्याच्या गोदामातलं डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते. आमची वेळ दुपारी दीड ते रात्री दहा. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे त्यांच्याकडे ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५:३० अशी पडते आणि दोन्हीकडचं ऑफिस जुळून येतं. रविवार, २५ ऑक्टोबर २०२६ रोजी तिथे पहाटे दोन वाजता घड्याळ पुन्हा एक वाजता आणलं जाईल. त्या क्षणी आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतील. तिथून पुढे फरक साडेपाच तासांचा. आपलं दीड ते दहा तसंच ठेवलं, तर त्यांच्याकडे ते सकाळी ८ ते दुपारी ४:३० होतं.

आधी करार काढा

पत्राचा पहिला शब्द लिहिण्याआधी करारातलं सपोर्टच्या वेळेचं कलम वाचा. त्यात वेळ कुणाच्या घड्याळाला बांधली आहे, यावर सगळं पत्र ठरतं.

भारतीय वेळ लिहिली असेल, तर तुमची शिफ्ट हलत नाही, त्यांच्याकडची वेळ हलते. मग पत्र माहिती देणारं होतं. ‘लंडनची स्थानिक वेळ, ९ ते ५:३०’ असं लिहिलं असेल, तर त्यांच्याकडे काहीच बदलत नाही. तुमच्या टीमने दुपारी अडीच ते रात्री अकरा बसायचं असतं. अशा करारात ‘आता आमच्या वेळा बदलल्या आहेत’ असं पत्र पाठवणं म्हणजे करार परस्पर बदलणं. ते करायचं असेल तर आधी बोलणं, मग त्यांची लेखी मान्यता, आणि पत्र सगळ्यात शेवटी.

तिसरा प्रकार फसवा आहे. कलमात ‘८ ते ४:३० जीएमटी’ असं लिहिलेलं असतं. जीएमटी उन्हाळ्यात हलत नाही, हलते ती ब्रिटनची वेळ. त्यामुळे असा करार प्रत्यक्षात भारतीय वेळेलाच बांधलेला असतो: बारा महिने दीड ते दहा. पण क्लायंटच्या गोदामातला माणूस जीएमटी म्हणजे ‘आमचं घड्याळ’ असंच समजतो. करारात हे दिसलं, तर पत्रात दोन्ही वेळा आकड्यात लिहा आणि जीएमटी हा शब्द एकटा कुठेही सोडू नका.

आमच्या उदाहरणात करार भारतीय वेळेचा आहे.

गेलेला तास नेमका कुणाचा, ते शोधा

दुपारचे साडेचार ते साडेपाच या तासात क्लायंटकडे काय चालतं? हा प्रश्न न विचारता लिहिलेलं पत्र वाचायला नीट असतं, पण सोमवारी उपयोगाचं नसतं. मागच्या दोन-तीन महिन्यांची तिकिटं काढा, त्यांच्या वेळेनुसार लावा आणि फक्त त्या तासातली बघा. आमच्याकडे ती बहुतेक दोनच प्रकारची निघाली: लेबल प्रिंटरवर अडकलेला जॉब आणि कुरिअर कंपनीकडे न गेलेली फाइल. कारण उघड आहे. त्यांची संध्याकाळची गाडी सव्वापाचला निघते. त्याआधीचा पाऊण तास गोदामात सगळ्यात धावपळीचा असतो. म्हणजे जो तास आपल्या हातून निसटतोय, तोच त्यांना दिवसातला सगळ्यात महागाचा आहे.

साध्या तिकिटांचं चित्र मात्र वेगळं निघतं, आणि ते आकडे मांडूनच पटतं. साध्या तिकिटाला आमचं उत्तर चार कामाच्या तासांत जायला हवं. गुरुवार, २२ ऑक्टोबरला त्यांच्या ४:५० वाजता तिकीट आलं, तर त्या दिवशीची ४० मिनिटं मोजली जातात आणि उरलेले ३ तास २० मिनिटं शुक्रवारी ९ पासून. मुदत शुक्रवारी १२:२० ला संपते. तेच तिकीट मंगळवारी, २७ तारखेला ४:५० ला आलं, तर आमची वेळ संपून वीस मिनिटं झालेली असतात. मोजणी बुधवारी सकाळी ८ ला सुरू होते आणि मुदत १२ ला संपते. उत्तर उलट वीस मिनिटं लवकरच पोचतं.

मग नुकसान होतं ते फक्त तातडीच्या बिघाडांचं. तातडीच्या तिकिटाला आमचा शब्द अर्ध्या तासाचा. ४:५० ला लेबलं थांबली आणि अर्ध्या तासाची मोजणी दुसऱ्या दिवशी ८ ला सुरू झाली, तर ८:३० पर्यंतचं उत्तर नियमात बसतं, पण गाडी आदल्या संध्याकाळीच लेबलांशिवाय उभी राहिलेली असते. एवढं कळलं की पत्रात काय द्यायचं तेही कळतं. पूर्ण शिफ्ट सरकवायची गरज नाही, त्या एका तासासाठी तातडीच्या फोनला कोणी तरी हवं.

टीमशी बोलल्याशिवाय शब्द देऊ नका

‘अडीच ते अकरा करून टाकूया’ असं म्हणायला वरच्यांना सोपं जातं. बेळगावात ते तितकं सोपं नाही. आमची मुलं शहापूर-वडगावची आहेत तशी खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगडचीही आहेत. दहाला सुटलं तर धावत-पळत काहीतरी मिळतं. खानापूरहून येणारा एक जण मला स्पष्टच म्हणाला, “मॅडम, अकराला सोडलासा तर घरला जायचं कसं? त्या वेळेला रस्त्यावर काय मिळत नाही बघा.” मुलींसाठी रात्रीच्या गाडीची सोय कंपनीनेच करायची असते, आणि अकराची गाडी म्हणजे शेवटची मुलगी घरी पोचेपर्यंत बारा. पाच महिने रोज हे चालवायचं असेल, तर ड्रायव्हरपासून जेवणापर्यंत सगळं आधी ठरायला हवं. पत्र पाठवून मग ठरवायला बसलं, तर पहिल्याच आठवड्यात कोणी तरी अडकतं.

म्हणून आम्ही घरून फोन घेण्याची पाळी ठरवली. आठवड्याला एक जण, रात्री दहा ते अकरा, लॅपटॉप उघडा ठेवून. त्याचा भत्ता वेगळा, आणि तो पत्र जाण्याआधी मंजूर करून घ्यायचा. त्याच्या मागे दुसरा माणूस बेळगाव शहरातलाच ठेवायचा, कारण परतीच्या पावसात खेड्याकडे लाइट जाते आणि तिच्यामागून मोबाइलची रेंजही जाते. दुसऱ्या माणसाने काही करायचं नसतं, फक्त पहिल्याने दहा मिनिटांत फोन उचलला नाही तर तो उचलायचा. क्लायंटला मात्र नंबर एकच द्या. कॉल आपोआप पुढे वळवण्याची सोय तुमच्या बाजूला करा.

आकडे हातानं मोजले तरी मशीनवर पडताळा

पुढे की मागे, यात अनुभवी माणूसही गोंधळतो. त्यांचं घड्याळ मागे गेलं की आपली तीच वेळ त्यांच्याकडे *लवकर* पडते. बरेच जण उलटं लिहितात. पडताळायला लिनक्सच्या मशीनवर दोन ओळी पुरतात. पहिली बदलाआधीच्या शुक्रवारची, दुसरी नंतरच्या सोमवारची:

```
TZ=Europe/London date -d '2026-10-23 13:30 +0530' '+%H:%M %Z'
09:00 BST
TZ=Europe/London date -d '2026-10-26 13:30 +0530' '+%H:%M %Z'
08:00 GMT
```

शिफ्ट संपण्याची वेळ, म्हणजे `22:00`, टाकूनही हेच करून बघा. अर्धा तास सुटत नाही ना, हे त्यात दिसतं. भारताची वेळ जीएमटीच्या साडेपाच तासांनी पुढे आहे आणि ती कधी हलत नाही, हे क्लायंटकडच्या नव्या माणसांना बरेचदा ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, आपल्याकडेही घड्याळ बदलत असेल. पत्रात त्यासाठी एक वाक्य ठेवा.

पत्राचा मजकूर

पत्र अर्थातच इंग्रजीत जातं. कुठलं वाक्य कशासाठी आहे ते नीट दिसावं, म्हणून मजकूर मराठीत देते.

> विषय: २६ ऑक्टोबर २०२६ पासून सपोर्टच्या वेळा: सकाळी ८ ते दुपारी ४:३० (लंडन)
>
> नमस्कार,
>
> रविवार, २५ ऑक्टोबरला तुमच्याकडे घड्याळ एक तास मागे जाईल. भारतात घड्याळ बदलत नाही. त्यामुळे आमची टीम त्याच वेळी कामावर असली, तरी तुमच्या घड्याळाप्रमाणे आमची वेळ एक तास लवकर सुरू होईल आणि एक तास लवकर संपेल.
>
> | | शुक्रवार, २३ ऑक्टोबरपर्यंत | सोमवार, २६ ऑक्टोबरपासून |
> |---|---|---|
> | लंडन | ९:०० ते ५:३० | ८:०० ते ४:३० |
> | भारत | १:३० ते १०:०० | १:३० ते १०:०० |
>
> तुमची संध्याकाळची गाडी भरण्याची वेळ यात उघडी पडते, हे आम्ही पाहिलं आहे. म्हणून दुपारी ४:३० ते ५:३० या वेळेत तातडीच्या बिघाडासाठी आमचा एक इंजिनीअर फोनवर असेल. तातडीचा बिघाड म्हणजे लेबलं छापली जात नाहीत, कुरिअरची फाइल जात नाही, किंवा सॉफ्टवेअर उघडत नाही. या वेळेत कृपया नेहमीच्या सपोर्ट नंबरवर फोन करा. फक्त ईमेल किंवा तिकीट केलं, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला बघितलं जाईल. या सोयीचं वेगळं बिल लागणार नाही.
>
> बाकी तिकिटांच्या उत्तराची मुदत बदलत नाही.
>
> मंगळवारची आढावा बैठक तुमच्या कॅलेंडरमधून येते. ती तुमच्याकडे १० वाजताच राहील.
>
> शनिवारी रात्री १ ते २ हा तास दोनदा येईल. १:३० ला चालणारी साठ्याची आयात त्या एका रात्री आम्ही ३ वाजता चालवू.
>
> या वेळा रविवार, २८ मार्च २०२७ पर्यंत राहतील. सोमवार, २९ मार्चपासून पुन्हा ९ ते ५:३०.
>
> कृपया १६ ऑक्टोबरपर्यंत कळवा: संध्याकाळच्या गाडीची वेळ हिवाळ्यात सव्वापाचच राहणार का, आणि गोदामातल्या कोणाला हा फोन नंबर द्यायचा.

याच्यापेक्षा लांब लिहू नका. विषयाच्या ओळीत तारीख आणि वेळ आहे, कारण गोदामाचा सुपरवायझर पत्र मोबाइलवर बघतो आणि बरेचदा तेवढीच ओळ वाचतो. माफी कुठे नाही, कारण चूक कोणाचीच नाही. ‘तुम्हाला सकाळचा एक तास जास्त मिळतोय’ हे वाक्यही मुद्दाम टाकलेलं नाही. ते खरं आहे, पण ज्याची गाडी संध्याकाळी अडकते त्याला ते बरं वाटत नाही.

तातडी म्हणजे काय, ते तीन ठोस गोष्टींत सांगितलं आहे. ‘गंभीर बिघाड’ एवढंच लिहिलं, तर विसरलेला पासवर्डही गंभीर होतो आणि फोनवरचं पोरगं रोज अकरापर्यंत अडकून पडतं. ‘फोनच करा’ हेही स्पष्ट हवं. त्या तासात तिकिटांच्या स्क्रीनकडे कोणी बघत नसतं, हे त्यांना आपोआप कळणार नाही.

आयातीच्या वाक्याबद्दल थोडं सविस्तर. त्या रात्री लंडनच्या घड्याळात १:३० दोनदा वाजतात, आपल्याकडे एकदा सकाळी ६ ला आणि एकदा ७ ला. काही शेड्यूलर असा जॉब दोनदा चालवतात, काही सांभाळून घेतात. तुमचा कुठल्या जातीचा आहे, याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्या रात्रीपुरता जॉब ३ वाजता नेणं सोपं. साठा दोनदा जमा झाला, तर सोमवारी गोदामात नसलेला माल स्क्रीनवर दिसतो, आणि तो निस्तरायला दिवस जातो.

पत्र कोणाला आणि कधी

पहिलं पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवा. ऑगस्टमध्ये पाठवलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. आठवण गुरुवारी, २२ तारखेला, पण तेच पत्र पुन्हा नको. टेबलाच्या दोन ओळी आणि फोन नंबर एवढंच. तिकडच्या शाळांना साधारण ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते, त्यामुळे तुमचा नेहमीचा संपर्काचा माणूस नेमका त्याच सोमवारी रजेवर असू शकतो. पत्र त्याच्या एकट्याच्या नावाने न पाठवता त्यांच्या हेल्पडेस्कच्या गटाला आणि गोदामाच्या सुपरवायझरलाही पाठवा.

आपल्या बाजूच्या सुट्ट्या या पत्रात मिसळू नका. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी असते. त्या दिवशी बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे आपल्या लोकांचा काळा दिवस असतो, त्यामुळे शहरातून ये-जा करणं अवघड होतं. २०२६ मध्ये तो रविवार आहे, म्हणून अडचण नाही. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, तेही रविवारीच, पण पाडव्याच्या दिवशी माणसं कमी असणार. त्याचं वेगळं पत्र करा. एकाच पत्रात घड्याळ आणि दिवाळी आली, की वाचणारा दोन्हीपैकी एक विसरतो.

अमेरिकेतलाही क्लायंट असेल, तर हे पत्र नाव बदलून त्याला पाठवू नका. तिथलं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे २०२६ मध्ये १ नोव्हेंबरला मागे जातं. मधला एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये नेहमीच्या पाच तासांऐवजी चारच तासांचा फरक असतो. तिघांची मिळून बैठक असेल, तर त्या आठवड्यात कोणीतरी तासभर चुकतंच. तिथे तारखेसह वेगळं आमंत्रण लावा.

तिकिटांच्या सॉफ्टवेअरमधलं कॅलेंडर

पत्रात लिहिलेली वेळ आणि सॉफ्टवेअर मोजतं ती वेळ एकच असायला हवी. करार भारतीय वेळेचा असेल, तर कामाच्या वेळेच्या कॅलेंडरचा टाइमझोन `Asia/Kolkata` ठेवा आणि वेळ १३:३० ते २२:००. मग दोन्ही ऋतूंत काही बदलावं लागत नाही. करार लंडनच्या वेळेचा असेल तर `Europe/London`, ९ ते ५:३०. `GMT` किंवा `UTC` निवडू नका, ते उन्हाळ्यात हलत नाहीत. विंडोजच्या यादीत ज्या पर्यायात Dublin, Edinburgh, Lisbon, London अशी शहरं आहेत, तो घड्याळाबरोबर हलतो. Coordinated Universal Time हलत नाही.

पडताळणी सोमवारी करायची. २६ तारखेला दुपारी १:३५ ला, म्हणजे त्यांच्या ८:०५ ला, एक चाचणी तिकीट टाका आणि उत्तराची मुदत किती दाखवतंय ते बघा. चार तासांच्या तिकिटाला त्यांच्या वेळेने १२:०५ दिसलं तर ठीक. १:०० दिसलं, तर कॅलेंडर अजून ९ ला उघडतंय असं समजा. तेव्हा ते संध्याकाळी ५:३० पर्यंत मोजतही राहणार, आणि ४:३० नंतर लगेच आलेली तातडीची तिकिटं रात्रीतून ‘उशीर’ म्हणून लाल होणार.

पहिल्या आठवड्यात आणखी एक खूण बघा. ४:३० नंतर ‘कोणी आहे का?’ अशा ईमेल येत असतील, तर पत्र गोदामापर्यंत पोचलेलं नाही. पुन्हा पत्र पाठवण्यापेक्षा सुपरवायझरला फोन करा आणि सपोर्टचा नंबर लेबल प्रिंटरच्या शेजारी कागदावर चिकटवायला सांगा. फोनच्या पाळीची वहीही ठेवा: किती वाजता आला, कशासाठी आला, गाडी वेळेवर निघाली का. मार्चमध्ये २९ तारखेपासून वेळा पूर्ववत होतील, तेव्हा पुढच्या हिवाळ्यात हा तास फोनवर भागवायचा की एक माणूस शिफ्टमध्येच उशिरापर्यंत ठेवायचा, हे त्या वहीवरूनच क्लायंटशी बोलून ठरवता येतं.